कुर्ली: आठ स्प्राइटच्या रेषेशी झटापट (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५

आज पहिल्यांदा ‘कुर्ली’, म्हणजे मी लिहीत असलेली खेकड्यांची गेम, खऱ्या कन्सोलवर चालवली. निन्टेन्डोचा जुना एनईएस, त्यात फ्लॅश कॅसेट आणि काचेचा जड टीव्ही. गेम चालू झाली, संगीत वाजलं, माझा नायक, मासे धरणारा कोळी, वाळूवर उभा राहिला. मग तो कशालाही न शिवता मेला. परत चालू केली, परत मेला.

शेजारी बसलेल्या भाच्याने कारण माझ्याआधी शोधलं. “मामा, उडी मारली की चौथा खेकडा दिसतो. खाली आलास की जातो.” खरंच तसं होत होतं. कोळी जमिनीवर असताना तीनच खेकडे दिसत. त्याने उडी घेतली की आधी चौथ्याचे पाय दिसत, मग पाठ, आणि कोळी पुरेसा वर गेला की अख्खा खेकडा. कोळी उतरायला लागला की तोच खेकडा वरून खाली पुसला जाई.

एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली कन्सोलवर, दोन महिने हे कधी दिसलं नव्हतं. सेटिंग उघडून पाहिली तर स्प्राइटची, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांची, मर्यादा काढून टाकणाऱ्या पर्यायावर बरोबरची खूण होती. लहानपणीच्या गेम खेळताना लुकलुक नको म्हणून ती कधीतरी मीच केली असणार. खूण काढल्यावर एम्युलेटरवरही चौथा खेकडा गायब.

एक गोष्ट मात्र खटकली. लहानपणी घरच्या क्लोन कन्सोलवर गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची आणि आम्ही कॅसेट काढून फुंकर मारायचो. इथे लुकलुक अजिबात नाही. खेकडा सरळ गायबच.

८ जून

सकाळी कागद घेऊन बसलो. एनईएसच्या चित्रचिपमध्ये, म्हणजे पीपीयूमध्ये, ६४ स्प्राइटची यादी असते. तिला ओएएम म्हणतात. प्रत्येक स्प्राइटला चार बाइट: उभी जागा, टाइलचा क्रमांक, रंग-उलटापालट वगैरे गुण, आणि आडवी जागा. म्हणजे पडद्यावर ६४ स्प्राइट ठेवता येतात, पण एका आडव्या रेषेवर फक्त ८.

हा आठ कुठून आला ते समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. या यंत्रात पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीचा किरण रेषा आखत असतो आणि त्याच वेळी पीपीयू पुढच्या रेषेची तयारी करतो. एका रेषेला चिपच्या घड्याळाचे ३४१ ठोके मिळतात. पहिल्या ६४ ठोक्यांत आठ स्प्राइट मावतील एवढी छोटी वही पुसून कोरी होते. ६५ ते २५६ या ठोक्यांत यादी पहिल्या क्रमांकापासून वाचली जाते आणि या रेषेवर जो स्प्राइट येतो तो वहीत उतरवला जातो. २५७ ते ३२० या ठोक्यांत वहीतल्या स्प्राइटची चित्रं मेमरीतून आणली जातात, प्रत्येकाला आठ ठोके. आठ अठ्ठे चौसष्ट, वेळ संपली. त्यानंतर पुढच्या रेषेच्या पार्श्वभूमीच्या टाइल आणायच्या असतात.

शिवाय आणलेलं चित्र धरून ठेवायला प्रत्येक स्प्राइटमागे चिपमध्ये वेगळी सर्किट लागतात, तीही आठच जोड. १९८३ मध्ये फॅमिकॉम, म्हणजे एनईएसचा जपानी अवतार, स्वस्तात विकायचा होता, त्यामुळे सिलिकॉनचा प्रत्येक तुकडा मोजून वापरलेला. तरी हे त्या काळी बरंच होतं. कोलेकोव्हिजन कन्सोलमधल्या टीएमएस९९१८ घराण्यातल्या चिपला रेषेवर चारच स्प्राइट जमायचे.

आता माझा हिशोब. कोळी १६ पिक्सेल रुंद आणि स्प्राइट आठ, म्हणजे शेजारी शेजारी दोन स्प्राइट. खेकडाही दोन. कोळ्याचे २ आणि चार खेकड्यांचे ८ मिळून १० झाले. माझ्या यादीत कोळी आधी आणि खेकडे नंतर, त्यामुळे वही भरते तेव्हा चौथा खेकडा दाराबाहेर राहतो. कोळ्याने उडी मारली की त्याच्या पायाखालच्या रेषांवर दोन जागा मोकळ्या होतात. म्हणून खेकड्याचे पाय आधी उगवले.

कालच्या शंकेचं उत्तरही मिळालं: यंत्र लुकलुकवत नाहीच. ते नवव्याला गाळतं, आणि यादीचा क्रम बदलला नाही तर दर फ्रेमला त्यालाच गाळतं. लहानपणी पाहिलेली लुकलुक कुणीतरी मुद्दाम लिहिलेली होती. जिला आम्ही बिघाड समजून फुंकर मारत होतो ती दुरुस्ती होती.

८ जून, रात्री

अजून एक भानगड. एक खेकडा मारला तरी चौथा दिसेना, आता तर तीनच उरले होते. कारण माझा आळस. मेलेला खेकडा लपवायला मी त्याला फक्त कोरी टाइल दिली होती. पीपीयू निवड करताना उभी जागा तेवढी बघतो. टाइलमध्ये काही काढलंय की ती पारदर्शक आहे याच्याशी त्याला घेणं नाही. माझा मेलेला खेकडा अदृश्य होऊन दोन जागा अडवून बसला होता.

स्प्राइट लपवायचा तर त्याची उभी जागा पडद्याच्या खाली न्यावी लागते. मी `$FF`, म्हणजे २५५, देतो. एका ओळीची दुरुस्ती, आणि मेल्यावर खेकडा खरोखर गेला.

१४ जून

ठरवलं होतं की रेषा भरली तरच क्रम बदलायचा, उगाच दर फ्रेमला नाही. पीपीयूकडे त्यासाठी झेंडाही आहे. `$2002` या पत्त्यावरचा पाचवा बिट एखाद्या रेषेवर आठपेक्षा जास्त स्प्राइट झाले की १ व्हायला हवा. तो वाचला, रंग बदलणारी एक चौकट पडद्यावर ठेवली आणि खेळून पाहिलं.

निकाल विचित्र. चार खेकडे जमिनीवर, चौथा दिसत नाहीये, तरी झेंडा नाही. पण तो अदृश्य खेकडा पडद्याच्या उजव्या बाजूला विशिष्ट पट्ट्यात आला की झेंडा लागतो, पट्टा ओलांडला की उतरतो. आडव्या जागेचा इथे संबंध काय?

संबंध चिपमधल्या चुकीचा. आठ स्प्राइट सापडले की पीपीयू नवव्याच्या शोधात पुढे सरकतो. पण पहिला तपासलेला स्प्राइट त्या रेषेवर नसेल, तर पुढच्या स्प्राइटवर जाताना तो चार बाइटांमधलीही जागा एकाने पुढे ढकलतो. मग पुढच्याचा टाइल क्रमांक, त्यापुढच्याचे गुण, त्यापुढच्याची आडवी जागा, असं तिरकं वाचत सुटतो आणि प्रत्येक आकड्याला उभी जागाच समजतो.

माझ्या यादीत तिसऱ्या आणि चौथ्या खेकड्याच्या मध्ये समुद्रपक्षी आहे, दोन स्प्राइटचा, वर आकाशात. वही तिसऱ्या खेकड्यापाशी भरते. पक्ष्याच्या पहिल्या स्प्राइटची उभी जागा बरोबर वाचली जाते आणि ती या रेषेवर नसते. दुसऱ्याचा टाइल क्रमांक वाचला जातो. चौथ्या खेकड्याच्या डाव्या अर्ध्याचे गुण वाचले जातात. आणि उजव्या अर्ध्याची आडवी जागा. खेकड्यांची जमीन १९२ व्या रेषेला आहे. त्या अर्ध्याची आडवी जागा १९२ च्या आसपास आली की पीपीयूला वाटतं, सापडला नववा! पूर्ण दुपार गेली, पण उलगडल्यावर हसू आलं.

झेंड्याचा नाद सोडला. क्रम दर फ्रेमला बदलायचा, गर्दी असो वा नसो. गर्दी नसेल तर त्याने बिघडत काहीच नाही.

१५ जून

सगळ्यात सोपा उपाय आधी करून पाहिला: एका फ्रेमला यादी सरळ लिहायची, पुढच्या फ्रेमला उलटी. दहा स्प्राइटांपैकी सरळ फेरीत पहिले आठ दिसतात, उलट फेरीत शेवटचे आठ. मधले सहा कायम दिसतात आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन एकाआड एक फ्रेमला. चौथा खेकडा आला! अर्धपारदर्शक, भुतासारखा, पण आला.

मग मुद्दाम गर्दी वाढवून पाहिली. एकाच रेषेवर वीस स्प्राइट उभे केले. सरळ फेरीत १ ते ८, उलट फेरीत २० ते १३. ९ ते १२ हे चार कुठल्याच फेरीत नाहीत, म्हणजे मधला घोळका कायमचा गायब. ही युक्ती सोळापर्यंतच चालते.

दुसरी अडचण भाच्यासाठी गेम कॅप्चर कार्डावरून टिपताना कळली. कार्ड सेकंदाला ३० फ्रेम घेत होतं आणि कन्सोल ६० काढतो. कार्डाने नेमक्या एकाच बाजूच्या फ्रेम उचलल्या. टीव्हीवर भुतासारखा दिसणारा खेकडा व्हिडिओत अजिबात नव्हता. परत टिपलं तेव्हा तो ठणठणीत, ठोस होता आणि कोळी कमरेखाली बेपत्ता. एकाआड एक लुकलुकीला हा धोका आहेच.

तिसरी म्हणजे यादीत आधी असलेला स्प्राइट वर दिसतो. क्रम उलटला की कोळी आणि त्याच्या अंगावर आलेला खेकडा दर फ्रेमला पुढे-मागे होतात. दोघं एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात.

२१ जून

यादी फिरवायची ठरवली. ६४ जागा, पहिली राखीव. तिथे वरच्या पट्टीतलं नाणं आहे आणि पीपीयू तो शून्यावा स्प्राइट पार्श्वभूमीला कधी टेकतो यावरून मी वरची पट्टी स्थिर ठेवून खालचा भाग सरकवतो. तो हलवला तर सगळा पडदा थरथरतो. उरल्या ६३. लिहायची सुरुवात दर फ्रेमला एक जागा पुढे सरकवली, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून.

वाटलं झालं काम. चालवलं तर चौथा खेकडा जवळजवळ सेकंदभर गायब, मग क्षणभर झळकतो, परत सेकंदभर गायब. दीपगृहासारखा!

कागदावर मांडल्यावर स्वतःचीच कीव आली. पडद्यावर एकूण बारा स्प्राइट होते. मी त्यांना सलग बारा जागांत लिहीत होतो. ते ५ ते १६ मध्ये असोत किंवा ३० ते ४१ मध्ये, त्यांचा आपसातला क्रम तोच राहतो आणि पीपीयूला क्रमाशीच मतलब आहे. क्रम बदलतो तो फक्त यादी टोकावरून वळते तेव्हा, म्हणजे ६३ पैकी ११ फ्रेमना. बाकी ५२ फ्रेम तोच खेकडा मार खातो. रांग अख्खी पुढे सरकवली म्हणून शेवटच्याचा नंबर आधी लागत नाही.

२२ जून

उपाय असा की स्प्राइट सलग लिहायचेच नाहीत. प्रत्येक पुढचा स्प्राइट १७ जागा सोडून ठेवायचा. १७ आणि ६४ यांना सामाईक भाजक नाही, म्हणून असं उड्या मारत गेलं तरी प्रत्येक जागा एकदाच लागते. स्प्राइट यादीभर विखुरतात. सुरुवातही दर फ्रेमला अशीच १७ ने पुढे नेली की टोकावरून वळण्याची जागा दर फ्रेमला भलतीकडे पडते आणि क्रम खरोखर बदलतो. एका स्प्राइटला चार बाइट, म्हणून कोडमध्ये १७ चे ६८ होतात.

चालवलं. दहा स्प्राइट, जागा आठ, म्हणजे प्रत्येक स्प्राइट सरासरी पाचातली एक फ्रेम बाहेर बसतो. बहुतेक वेळा एकच फ्रेम, आणि लगेच परत. काचेच्या टीव्हीवर थोडी थरथर दिसते, एवढंच. कधी खेकड्याचा फक्त एक अर्धा जातो, पण तो परत आला की दुसऱ्याची पाळी येते आणि डोळा दोन्ही जोडून घेतो.

यात एक काळजी लागते. दर फ्रेमला लिहिण्याआधी सगळ्या जागांना `$FF` देऊन टाकावं लागतं, नाहीतर मागच्या फ्रेमचे स्प्राइट जुन्या जागांत राहून जातात. पहिल्या प्रयत्नात मला एका खेकड्याचे सहा खेकडे दिसले होते.

२८ जून

भाच्याची तक्रार: “खेकडा हलला तर चालेल, आपण नाही हलायचं.” बरोबर आहे. खेळणाऱ्याची नजर स्वतःच्या पात्रावर असते आणि तेच थरथरलं तर उडीचा अंदाज चुकतो. म्हणून कोळ्याचे चार स्प्राइट नाण्याच्या लगेच पुढच्या चार जागांत कायम केले. आता ० ते ४ या जागा कुणाला मिळणार नाहीत. उड्या मारणारा कोड असा उरला:

```
next_slot:
        txa
@again: clc
        adc #68      ; 17 x 4
        cmp #20      ; 0-4 राखीव
        bcc @again
        tax
        rts
```

आत येताना X मध्ये सध्याची जागा असते, बाहेर पडताना पुढची. २५५ च्या पुढे गेलं की बाइट आपोआप शून्याकडून वळतो, त्यामुळे भागाकार लागत नाही. फ्रेमच्या सुरुवातीची जागाही याच कोडने पुढे सरकते. सगळी यादी आधी `$0200` पासूनच्या साध्या मेमरीत तयार होते आणि पडदा मोकळा असताना `$4014` मध्ये `2` लिहिलं की २५६ बाइट एकदम पीपीयूकडे जातात.

याची किंमत इतरांनी मोजली. जमिनीच्या रेषांवर कोळ्याचे दोन पक्के, म्हणजे उरल्या सहा जागा. तीन खेकडे निवांत मावतात. चौघांचे आठ स्प्राइट सहा जागांत बसवायचे तर प्रत्येक स्प्राइट चारातली एक फ्रेम बाहेर. त्यात कोळ्याने शिंपला घरंगळत सोडला की नववा. तेव्हा लुकलुक उघड दिसते.

२९ जून

आज कोडला हात न लावता नकाशे बदलले. खरं तर हे आधी करायला हवं होतं. पहिल्या दोन टप्प्यांत जमिनीवर एका वेळी तीनच खेकडे. चौथा हवा असेल तिथे १६ पिक्सेल उंचीचा खडक ठेवला आणि त्याला त्यावर बसवलं. त्याच्या रेषा वेगळ्या, त्यामुळे खाली गर्दी होत नाही. जुन्या गेममध्ये शत्रू पायऱ्यांवर, फळ्यांवर आणि हवेत वाटून का दिलेले असतात याचं एक कारण हेही असावं, असं आता वाटतं.

शेवटचा राक्षसी खेकडा ६४ पिक्सेल रुंद आहे. स्प्राइटने काढला तर तो एकटाच आठही जागा खाईल आणि कोळ्याला पाय टेकायला जागा उरणार नाही. म्हणून तो पार्श्वभूमीत काढला. मागे सगळं काळं ठेवायचं आणि पार्श्वभूमीच सरकवायची, म्हणजे खेकडा चालतोय असं वाटतं. १९८८ च्या ‘मेगा मॅन २’ मधला ड्रॅगन असाच आहे, म्हणून त्याच्या मागे आभाळाचा रंग नाही, काळोख आहे. फक्त माझ्या खेकड्याचे डोळे स्प्राइट आहेत, दोनच.

५ जुलै

खेकडा वाळूत बुडताना दाखवायचा होता. ‘कॅसलव्हेनिया २’ मध्ये दलदलीत उतरलं की नायकाचे पाय दिसेनासे होतात, ते या आठच्याच जोरावर. दलदलीच्या रेषांवर यादीत सगळ्यात आधी आठ कोरे स्प्राइट ठेवायचे. वही त्यांनीच भरते, आणि यादीत मागे असलेले नायकाचे पाय आपोआप गाळले जातात. मर्यादा काढून टाकलेल्या एम्युलेटरवर ते पाय चिखलावर दिसतात.

करून पाहिलं. खेकडा सुंदर बुडाला. त्याच्यासोबत शेजारचे दोन खेकडे आणि शिंपलाही त्या रेषांवरून गेला, कारण कोरे स्प्राइट एकट्या खेकड्याला ओळखत नाहीत, अख्खी रेषा अडवतात. दलदलीत नायक एकटा असेल तर हे चालतं, माझ्या किनाऱ्यावर नाही. शेवटी खेकड्याच्या गुणांतला ‘पार्श्वभूमीच्या मागे’ हा बिट लावला. वाळू टाइलमध्ये पूर्ण भरलेली आहे, तिच्यामागे तो सरकतो.

१२ जुलै

मित्राच्या घरी जुना क्लोन निघाला, आपल्याकडच्या टीव्हीसाठी ५० फ्रेमचा. त्यावर ‘कुर्ली’ लावली. तिसऱ्या टप्प्यात चार खेकडे, शिंपला आणि कोळी एका रेषेत आले तेव्हाची थरथर घरच्यापेक्षा ठळक होती. गैरहजेरी तितक्याच फ्रेमची, पण इथे प्रत्येक फ्रेम २० मिलिसेकंदांची, घरी पावणेसतरा. डोळ्याला तेवढा फरक पुरतो.

तिसऱ्या टप्प्यातला चौथा खेकडा काढावा का यावर आमचा बराच वाद झाला. मित्र म्हणाला काढ. भाचा म्हणाला, “तो थरथरतो म्हणून तर भीती वाटते.” खेकडा ठेवला आहे. शिंपला मात्र आता घरंगळत नाही, कमरेच्या उंचीवरून उडतो, म्हणजे जमिनीवरच्या रेषांचा एक स्प्राइट कमी. त्यामुळे तो सरळ खेकड्याच्या डोक्यावरून जायला लागला. उद्या त्याला जरा खाली झुकवून टाकायचं बघतो.